खालची विक लांब होती, तरी भाव का पडला? एकाच कॅन्डलची बॉडी आणि विक वाचताना

प्रश्न: "क्रिप्टोत नवीन आहे. बिटकॉइनच्या ४ तासांच्या चार्टवर एक हिरवी कॅन्डल बनत होती आणि तिला खाली लांबलचक विक होती. खालची लांब विक म्हणजे खरेदीदार आले, असं सगळीकडे वाचलं होतं. म्हणून कॅन्डल पूर्ण व्हायची वाट न बघता ६१,००० डॉलरला घेतलं. कॅन्डल शेवटी अशी बंद झाली: O ६०,०००, H ६१,२००, L ५८,४००, C ६०,६००. पुढच्याच कॅन्डलमध्ये भाव ५९,१०० पर्यंत आला. एकट्या कॅन्डलची बॉडी आणि विक नेमकी वाचायची कशी?"

चारही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नुसता स्क्रीनशॉट असता तर मला अंदाजाने बोलावं लागलं असतं, कारण चार्टवर कॅन्डल मोठी दिसते की छोटी, हे बरंचसं तुम्ही किती झूम केलंय यावर ठरतं. चार्ट आपोआप ताणला जातो आणि शांत दिवसातली किरकोळ कॅन्डलही पडदाभर उभी दिसते. म्हणून मी स्वतः आकार डोळ्यांनी मोजत नाही. कॅन्डलवर कर्सर नेला की वर O, H, L, C असे आकडे दिसतात, ते वाचतो.

विकचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता, अशी तुमची अडचण मला दिसत नाही. अर्थ तुम्ही वाचला होता. तो अर्धवट होता, आणि अजून पूर्ण न झालेल्या कॅन्डलला तुम्ही तो लावलात. या दोन्ही गोष्टी तुमच्याच आकड्यांवर उलगडून दाखवतो.

आधी साधा हिशोब. O म्हणजे ओपन, त्या चार तासांतला पहिला सौदा ज्या भावाला झाला तो; C म्हणजे क्लोज, शेवटचा; H म्हणजे हाय, सर्वांत वरचा; आणि L म्हणजे लो, सर्वांत खालचा. ओपन ते क्लोज हा जाड भाग म्हणजे बॉडी, आणि तिच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेषा म्हणजे विक. बॉडी आणि दोन्ही विक या चार आकड्यांतूनच निघतात:

```
body  = |C - O|
upper = H - max(O, C)
lower = min(O, C) - L
```

तुमच्या कॅन्डलची पूर्ण उंची ६१,२०० वजा ५८,४००, म्हणजे २,८००. बॉडी ६००, वरची विक ६०० आणि खालची विक १,६००. उंचीचे भाग पाडले तर खालची विक साधारण ५७ टक्के येते आणि बॉडी व वरची विक प्रत्येकी २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खालची विक लांब होती हे तुम्ही बरोबर पाहिलंत. वरची विक तेवढी लांब नव्हती, पण ती बॉडीइतकीच मोठी होती. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, आणि तुमच्या नुकसानीशी तिचाच जास्त संबंध आहे. तिच्याकडे परत येतो.

यात मी आणखी एक आकडा नेहमी काढतो: कॅन्डल आपल्या उंचीच्या कितव्या भागात बंद झाली. तळापासून क्लोजपर्यंतचं अंतर २,२०० आहे. त्याला २,८०० ने भागलं की ७८ ते ७९ टक्के येतात. म्हणजे चार तास संपताना भाव त्या काळातल्या चढउताराच्या वरच्या चतुर्थांशात होता. कॅन्डल हिरवी की लाल यापेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं. हिरवा रंग एवढंच सांगतो की क्लोज ओपनच्या वर आहे. ६०,००१ ला बंद झाली असती तरी ती हिरवीच दिसली असती आणि ५९,९९९ ला बंद झाली असती तर लाल. दोन डॉलरच्या फरकाने रंग पालटतो, पण बाजाराची स्थिती तीच असते. खालची विक लांब असताना बॉडी बारीक असेल, तर मी रंगाकडे लक्षच देत नाही.

इथवर नुसती मोजणी झाली. आता कॅन्डल काय लपवते ते पाहू.

या चार आकड्यांतून मधला प्रवास पूर्णपणे गळून जातो. भाव आधी ५८,४०० ला गेला आणि मग ६१,२०० ला, की आधी वर जाऊन मग कोसळला, हे कॅन्डलवरून कळायला मार्ग नाही. दोन्ही प्रवासांची कॅन्डल अगदी सारखी दिसते.

समजा या चार तासांच्या आत तासातासाच्या चार कॅन्डल अशा होत्या. पहिल्या तासात भाव ६०,००० वरून ५९,००० ला आला. दुसऱ्यात ५८,४०० पर्यंत घसरून ५९,४०० ला बंद झाला. तिसऱ्यात जोरात चढून ६१,२०० ला टेकला आणि ६१,००० ला बंद झाला. चौथ्यात ६१,००० वरून ६०,६०० ला उतरला. या प्रवासाला अ म्हणू.

आता दुसरा प्रवास. पहिल्या तासात भाव ६१,२०० ला टेकून ६१,००० ला बंद. दुसऱ्यात ६०,२०० ला उतरला, तिसऱ्यात ५९,३०० ला. चौथ्या तासात आधी ५८,४०० पर्यंत कोसळला आणि मग त्याच तासात उसळून ६०,६०० ला बंद झाला. हा ब.

दोन्हींचे O, H, L, C एकच आहेत. पण अ मध्ये तळ लागून दोन तास उलटले आहेत, चढाई झाली आहे आणि चढाईचा जोर शेवटच्या तासात ओसरलाही आहे. ब मध्ये मात्र दुसऱ्या तासापासून घसरणच चालली होती, आणि उसळी इतकी ताजी आहे की ती टिकते की नाही हे बघायला वेळच मिळालेला नाही. 'खरेदीदार आले' हे एकच वाक्य या दोन्ही ठिकाणी सारख्या अर्थाने कसं लागू होईल?

तुमच्या बाबतीत कोणता प्रवास झाला असावा हे मला कॅन्डलने सांगितलं नाही, तुमच्या एका वाक्याने सांगितलं. खाली लांब विक दिसत होती आणि तुम्ही ६१,००० ला घेतलंत. म्हणजे तळ आधी होऊन गेला होता आणि भाव वर आला होता. ब मध्ये तळ चौथ्या तासात लागतो आणि त्यानंतर भाव ६१,००० ला पोचल्याचं दिसत नाही, म्हणून तुमचा प्रवास अ च्या जवळचा असणार. तासाचा चार्ट उघडून ताडून बघा.

आता तुम्ही घेतलंत त्या क्षणी ती कॅन्डल कशी दिसत असेल ते डोळ्यांपुढे आणा. ओपन ६०,०००, लो ५८,४०० आणि चालू भाव ६१,०००. भाव पहिल्यांदाच तिथे पोचला असेल तर हाय सुद्धा तोच. बॉडी हजार डॉलरची भरघोस हिरवी, खाली १,६०० ची विक आणि वर काहीच नाही. फारच देखणी कॅन्डल. पण चालू कॅन्डलमध्ये C हा आकडा क्लोज नसतो, तो फक्त आत्ताचा भाव असतो. ओपन एकदा ठरला की बदलत नाही. हाय फक्त वर सरकू शकतो आणि लो फक्त खाली. चौथा आकडा मात्र शेवटच्या सेकंदापर्यंत वरखाली होत राहतो, आणि बॉडी व वरची विक दोन्ही त्याच्यावर टांगलेल्या असतात. पुढे भाव ६१,२०० ला गेला आणि तिथून ६०,६०० ला आला. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या हजाराच्या बॉडीतले ४०० डॉलर बंद होईपर्यंत वरच्या विकचा भाग झाले होते. तुमची खरेदी ६१,००० ची. वरची विक ६०,६०० पासून ६१,२०० पर्यंत. तुमची खरेदी त्या वरच्या विकच्या आत आहे.

हे थोडं सावकाश वाचा, कारण विक म्हणजे काय हे यातच आहे. विक हा चार्टवरचा वेगळा पदार्थ नाही. भाव जिथे जाऊन आला पण कॅन्डल संपताना जिथे थांबला नाही, तेवढा पट्टा म्हणजे विक. कधीतरी तो पट्टा बॉडीच होता, निदान लहान टाइमफ्रेमवर तरी. अ मधला पहिला तास बघा: ६०,००० ते ५९,००० अशी हजाराची ठसठशीत लाल बॉडी. तासाच्या चार्टवर ती पाहणाऱ्याला ती घसरण वाटली. चार तासांच्या चार्टवर तीच तुमची खालची विक झाली. म्हणून कुठलीही लांब विक दिसली की मी लगेच एक-दोन पायऱ्या खाली उतरतो. ४ तासांची असेल तर १ तास आणि मग १५ मिनिटं. विकच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय तिला नाव देत नाही.

क्रिप्टोत आणखी एक गोष्ट आहे, जी नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. हा बाजार दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालतो. बाजार उघडल्याची घंटा नाही आणि बंद झाल्याचीही नाही. शेअर बाजारात दिवसाच्या क्लोजला वजन असतं, कारण त्यानंतर सौदे खरोखर थांबतात. इथे कॅन्डल कुठे कापायची हा निव्वळ घड्याळाचा संकेत आहे. बहुतेक एक्सचेंजवर ४ तासांच्या कॅन्डल UTC या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ०, ४, ८, १२, १६ आणि २० वाजता सुरू होतात आणि दिवसाची कॅन्डल UTC मध्यरात्री संपते. काही ठिकाणी दिवस UTC+8 प्रमाणेही कापतात. मग तोच दिवस, तेच सौदे आणि कॅन्डल वेगळी.

फरक किती पडू शकतो ते अ वर बघू. समजा काप एक तास उशिराचा असता. मग कॅन्डलमध्ये दुसरा, तिसरा, चौथा तास आणि त्यानंतरचा पाचवा तास आला असता. पाचव्या तासात भाव ६०,६०० वरून ६०,००० ला उतरला असं धरू. पुढे तो ५९,१०० ला गेला हे तुम्हीच सांगितलंय, तेव्हा हे धरायला हरकत नाही. या कॅन्डलचा ओपन ५९,०००, हाय ६१,२००, लो ५८,४०० आणि क्लोज ६०,०००. बॉडी १,०००, खालची विक ६०० आणि वरची विक १,२००. उंची तीच २,८००. पण आता लांब विक वर आहे! ज्या कॅन्डलला पुस्तकातल्या भाषेत तुम्ही 'खरेदीदार आले' म्हणालात, ती तासाभराने सरकवली की वाचणारा म्हणेल 'वरून विक्री आली'. सौदा एकही बदललेला नाही. तुमच्या चार्टवरची कॅन्डल खोटी होती, असा याचा अर्थ नाही. ५८,४०० वरून भाव परतला हे दोन्ही कॅन्डलींत आहे आणि ६१,२०० वरून परतला हेही दोन्हींत आहे. H आणि L हे दोन आकडे काप सरकला तरी टिकले. बदलले ते O आणि C. म्हणून क्रिप्टोत मी कॅन्डलच्या टोकांना जास्त मान देतो आणि बॉडीच्या नेमक्या आकाराला कमी. हे माझं मत आहे. फक्त दिवसाच्या आणि आठवड्याच्या क्लोजवर काम करणारे अनुभवी लोक माझ्याशी असहमत होतील. त्यांचंही एक कारण रास्त आहे: UTC मध्यरात्रीचा काप पुष्कळ लोक बघतात, त्यामुळे त्याला थोडं वजन आपोआप येतं. ४ तासांच्या कॅन्डलला तेवढं वजन मी देत नाही, १५ मिनिटांच्या तर नाहीच.

आता 'खरेदीदार आले' या वाक्याकडे. प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, तेव्हा ५८,४०० ला घेणारे होते यात नवल नाही. भाव तिथून का परतला, हा खरा प्रश्न. एक कारण असं, की त्या पट्ट्यात मोठ्या खरेदीच्या ऑर्डर लागलेल्या होत्या आणि त्यांनी येणारी विक्री पचवली. दुसरं कारण असं, की विक्रीच संपली. क्रिप्टोत हे दुसरं कारण फार वेळा असतं. फ्युचर्समध्ये उधारीवर मोठी पोझिशन घेतलेल्यांचं मार्जिन, म्हणजे तारण ठेवलेली रक्कम, संपलं की एक्सचेंज त्यांची पोझिशन जबरदस्तीने विकून टाकतं. यालाच लिक्विडेशन म्हणतात. ती विक्री भाव बघत नाही. भाव खाली ढकलला जातो, त्यामुळे पुढच्याचं मार्जिन संपतं, त्याचीही विक्री होते, आणि अशी साखळी संपली की खाली दाबणारं कोणीच उरत नाही. मग थोड्याशा खरेदीनेही भाव झपकन वर येतो. मागे लांब विक राहते. ती बघून वाटतं की कोणीतरी मोठ्या विश्वासाने माल उचलला. प्रत्यक्षात नाइलाजाने विकणारे संपले, इतकंच झालेलं असतं. अशा उसळीनंतर भाव पुन्हा विकच्या आत उतरला तर मला आश्चर्य वाटत नाही.

याचं टोकाचं उदाहरण २१ जून २०१७ चं आहे. कॉइनबेसच्या तेव्हाच्या जीडॅक्स या एक्सचेंजवर कोणीतरी काही दशलक्ष डॉलरचं ईथर एकाच मार्केट ऑर्डरने विकलं. त्या एका ऑर्डरने भाव ३१७ डॉलरच्या घरातून २२४ च्या घरात आणला. त्यामुळे शेकडो स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकणाऱ्या ऑर्डर, आणि लिक्विडेशन एकापाठोपाठ सुटले आणि खरेदीच्या ऑर्डरचं पुस्तक, म्हणजे लावून ठेवलेल्या ऑर्डरची यादी, रिकामं होत होत काही सौदे १० सेंटला झाले. भाव लगेच सावरला. त्या कॅन्डलची खालची विक जवळजवळ शून्याला टेकते. ईथरची किंमत १० सेंट आहे असं तेव्हा बाजाराला वाटलं होतं का? नाही. त्या क्षणी, त्या एका एक्सचेंजवर, पुस्तकात खरेदीच्या ऑर्डर उरल्या नव्हत्या, एवढंच ती विक सांगते.

यातूनच पुढची गोष्ट निघते. बिटकॉइनचा एकच भाव नसतो. प्रत्येक एक्सचेंजचं ऑर्डरचं पुस्तक वेगळं असतं, म्हणून विकही वेगळी असते. बॉडी साधारण सगळीकडे सारख्या दिसतात, कारण भावात फरक पडला की तो बुजवणारे लोक आणि बॉट असतात. पण विकचं टोक काही सेकंदांत होऊन जातं आणि तेवढ्या वेळात फरक बुजत नाही. सुरुवातीच्या काळात मी हा धडा पैसे घालवून शिकलो. कमी उलाढालीच्या एका कॉइनचा चार्ट मी एका मोठ्या एक्सचेंजचा बघत होतो आणि सौदा दुसऱ्या, लहान ठिकाणी करत होतो. चार्टवरच्या विकच्या टोकाखाली थोडी जागा सोडून स्टॉप लावला. रात्री स्टॉप उडाला. सकाळी माझ्या चार्टवर भाव त्या टोकाच्या आसपासही गेलेला दिसत नव्हता. मी जिथे सौदा करत होतो तिथला चार्ट उघडला तेव्हा तिथली विक बरीच खोल होती. तेव्हापासून ज्या एक्सचेंजवर ऑर्डर, त्याच एक्सचेंजचा, त्याच जोडीचा चार्ट मी बघतो. फ्युचर्स असतील तर आणखी एक बघतो. चार्टवर सहसा शेवटच्या सौद्याचा भाव असतो, तर लिक्विडेशन बरेचदा मार्क प्राइसवर, म्हणजे एक्सचेंजने हिशोबासाठी वेगळ्या काढलेल्या भावावर, ठरतं. त्यामुळे चार्टवरच्या विकने तुमची पातळी ओलांडली आणि पोझिशन तरीही शाबूत राहिली, असंही होतं.

मग विक भरवशाची आहे की नाही हे ठरवायचं कसं? माझ्या पद्धतीत इथे व्हॉल्यूम, म्हणजे किती उलाढाल झाली तो आकडा, येतो, पण थोड्या वेगळ्या तऱ्हेने. ४ तासांच्या कॅन्डलखालचा व्हॉल्यूमचा खांब पूर्ण चार तासांचा असतो. त्यातला किती व्यवहार विकच्या टोकाशी झाला हे तो सांगत नाही. म्हणून ५ मिनिटांचा चार्ट उघडून ५८,४०० च्या आसपासच्या कॅन्डल बघायच्या. भाव तिथे २०-२५ मिनिटं घुटमळला असेल, पुन्हा खाली ढकलला गेला पण नवा तळ झाला नसेल, आणि तेवढ्या वेळात व्हॉल्यूम मोठा असेल, तर विक्री कोणीतरी पचवली असं म्हणायला आधार मिळतो. उलट, टोक एकाच मिनिटात होऊन गेलं असेल आणि त्या मिनिटाचाच व्हॉल्यूम आजूबाजूच्या कितीतरी पट असेल, तर मी ते स्टॉप आणि लिक्विडेशनचं काम समजतो. तिसरी शक्यता, टोकाशी व्हॉल्यूम नगण्य. मोठ्या जोडीत हे क्वचित दिसतं, लहान कॉइनमध्ये नेहमी. तिथे एखादी ऑर्डर पातळ पुस्तकातून घुसली म्हणून विक झालेली असते आणि मी तिच्यातून काहीच अर्थ काढत नाही. लहान कॉइनच्या १ मिनिटाच्या चार्टवर तर बॉडीलाही अर्थ नसतो. एक सौदा विकणाऱ्याच्या भावाला, पुढचा घेणाऱ्याच्या भावाला, आणि कॅन्डल आळीपाळीने हिरवी-लाल होत राहते.

कॅन्डल मोठी आहे का, हेही शेजाऱ्यांशी ताडूनच ठरतं. तुमची कॅन्डल २,८०० उंच आहे. तिच्या आधीच्या वीसेक कॅन्डलची सरासरी उंची ९०० असेल तर ही खरोखर वेगळी आहे आणि तिच्या टोकांकडे लक्ष द्यायला हवं. सरासरी २,५०० असेल तर त्या दिवसांतला हा नेहमीचाच चढउतार आहे आणि १,६०० च्या विकमध्ये विशेष काही नाही. तुमच्या आधीच्या कॅन्डल माझ्यासमोर नाहीत, म्हणून हे तुम्हालाच बघावं लागेल. भाव आधी कुठून आला हेही बघा. याच आकाराच्या कॅन्डलला घसरणीनंतर हॅमर म्हणतात आणि चढाईनंतर हँगिंग मॅन. एकाच आकाराला दोन उलट अर्थांची नावं द्यावी लागली, यावरून आकाराचा वाटा किती हे लक्षात येईल. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या हॅमरला वरची विक जवळजवळ नसते. तुमच्या कॅन्डलला ती बॉडीएवढी आहे, म्हणजे व्याख्या काटेकोर लावली तर हा हॅमर नाहीच.

एक छोटी सूचना मध्येच देतो. चार्टचा प्रकार साधा 'Candles' आहे ना, ते तपासा. 'Heikin Ashi' लावलेलं असेल तर तिथले ओपन आणि क्लोज सरासरी काढून बनवलेले असतात, त्या भावांना प्रत्यक्ष सौदा झालेला असेलच असं नाही. मग वर केलेला सगळा हिशोब चुकीच्या आकड्यांवर होतो. तुमचे आकडे अगदी गोल आहेत, ते तुम्ही सोपे करून लिहिलेत असं मी धरलंय.

आता हे सगळं तुमच्या सौद्यावर लावू. कॅन्डल बंद झाली तेव्हा तिच्यातून प्रामाणिकपणे इतकंच निघत होतं: ५८,४०० वरून भाव परतला, ६१,२०० वरूनही परतला, आणि बंद होताना तो वरच्या टोकाच्या जास्त जवळ होता. पुढच्या कॅन्डलमध्ये भाव ५९,१०० ला आला. खालची विक ५८,४०० ते ६०,०००, तिचा मध्य ५९,२००. म्हणजे भाव विकच्या मध्यापेक्षा जरा खाली उतरला, पण टोक शाबूत आहे. लांब विकनंतर भावाने तिच्या आत परत येणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मी तर मोठ्या विकनंतर तिच्या मध्याजवळ भाव येतो का याची वाटच बघतो. तुम्ही वाचलेलं विधान अजून चुकलेलं नाही. ५८,४०० तुटलं तर ते चुकेल. चुकली ती खरेदीची जागा. विकच्या भरवशावर घेतलं तर तो भरवसा ५८,४०० खाली संपतो. ६१,००० पासून तिथवर अंतर २,६००, म्हणजे सुमारे ४.३ टक्के. क्लोजला ६०,६०० ला घेतलं असतं तर २,२००, म्हणजे ३.६ टक्के. मध्याजवळ ५९,२०० ला घेतलं असतं तर ८००, म्हणजे १.४ टक्क्यांच्या आत. कॅन्डल तीच, तिचं वाचनही तेच, आणि चुकल्यावर जाणारी रक्कम तिपटीहून वेगळी. वाट बघण्यात एक तोटाही आहे, तोही सांगतो. कधीकधी भाव परत येतच नाही आणि सौदा हातून निसटतो. मला ते चालतं. तुम्हाला चालेल की नाही हे तुमच्या स्वभावावर आणि लावलेल्या रकमेवर आहे.

तुमची पोझिशन अजून उघडी असेल तर पुढे काय करा हे मी सांगू शकत नाही. तुम्ही किती पैसे लावलेत, स्पॉट आहे की फ्युचर्स, उधारी किती, यातलं काहीच मला माहीत नाही. पण त्या चार तासांचे तासवार O, H, L, C काढा, ५८,४०० जवळच्या ५ मिनिटांच्या कॅन्डलचा व्हॉल्यूम बघा आणि इथे लिहा. ती विक कोणी विक्री पचवल्यामुळे झाली की विकणारे संपल्यामुळे, हे त्या आकड्यांवरून आपल्याला बऱ्यापैकी ठरवता येईल.